जुन्या गल्लीत माल उतरवण्याची घडी कशी बसवायची: भिंतीला धक्का न लावता

जुन्या वस्तीतल्या एखाद्या अरुंद गल्लीची वाहतूक सुधारण्याचं काम तुमच्याकडे आलं, तर सगळ्यात आधी कानावर पडेल ती मागणी म्हणजे रस्ता रुंद करा. जोती फोडा, ओटे काढा, कोपरे तासा. हे एकदा केलं की परत आणता येत नाही आणि त्याने फारसं साधतही नाही. रुंद झालेल्या जागेत महिन्याभरात गाड्या उभ्या राहतात. अशा गल्लीत खरी टंचाई असते मिनिटांची. एका वेळी एकच गाडी मावेल एवढी जागा आहे आणि ती गाडी तिथे किती वेळ उभी राहते यावर बाकी सगळं ठरतं. म्हणून हा लेख प्रामुख्याने माल उतरवणाऱ्या गाड्यांबद्दल आहे. पार्किंग आणि येजा करणारी वाहतूक त्यांच्या मागोमाग येईल.

समजण्यासाठी एक गल्ली डोळ्यांसमोर धरू. लांबी 160 मीटर, दोन्ही बाजूंना मिळून चाळीसेक दुकानं, वर राहती घरं. रुंदी साधारण साडेतीन मीटर, पण मधोमध एका वळणावर फक्त 2.7 मीटर. ही गल्ली कल्पित आहे आणि तिचे आकडे हिशेब दाखवण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या गल्लीचे आकडे तुम्हालाच काढावे लागतील. पद्धत मात्र हीच राहील.

पहिली पायरी: टेप आणि खडू घेऊन चाला

नकाशावरची रुंदी धरून चालू नका. जुन्या भिंती सरळ नसतात. काही पोटात फुगलेल्या असतात, काही वर गल्लीकडे झुकलेल्या. दर पाच मीटरवर मोजा आणि प्रत्येक ठिकाणी तीन उंचींवर मोजा: जोत्यापाशी, कमरेच्या जरा वर म्हणजे गाडीच्या आरशाच्या उंचीला, आणि तीन मीटरवर, जिथे सज्जे, वळचणी आणि लाकडी तुळया पुढे आलेल्या असतात. खाली तीन मीटर मोकळी असलेली गल्ली वर अडीचच भरते, असं अनेकदा दिसतं. तिथे बंद पेटीचा टेम्पो खालून सुखरूप जातो आणि वरून सज्जाची फळी उचकटून नेतो.

गाडीच्या कागदावर लिहिलेली रुंदी सहसा आरसे सोडून असते, हेही लक्षात ठेवा. मोठी व्हॅन कागदावर दोन मीटरची असते, पण आरसे धरून 2.3 मीटरच्या पुढे जाते. आपल्या गल्लीत 2.7 मीटरच्या जागी अशी व्हॅन घुसली की दोन्ही बाजूंना जेमतेम वीस सेंटिमीटर उरतात. तेवढ्यात माणूस उभा राहू शकत नाही आणि चालकाची जराशी चूकही खपत नाही. माझा ठोकताळा असा आहे की सगळ्यात अरुंद जागी दोन्ही बाजूंना किमान तीस सेंटिमीटर मोकळे हवेत, आरसे धरून. म्हणजे इथे 2.1 मीटरच्या वरची गाडी नको.

वळणाचा हिशेब वेगळा आहे आणि बहुतेक नुकसान तिथेच होतं. गाडी वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापून जातात. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं हे आत कापणं जास्त. पुढची चाकं सहा मीटर त्रिज्येने वळली आणि चाकांमधलं अंतर 2.1 मीटर असलं, तर मागचा भाग सुमारे चाळीस सेंटिमीटर आत येतो. तेच अंतर 3.3 मीटर असलं तर जवळपास एक मीटर. म्हणजे सरळ भागात आरामात जाणारी लांब गाडी वळणावर आतल्या घराचा कोपरा खाते. हे कागदावर पटत नसेल तर पहाटे रिकाम्या गल्लीत टेम्पो हळू वळवायला सांगा आणि मागच्या आतल्या चाकामागे खडूने रेघ ओढत जा. ती रेघ कोपऱ्याच्या किती जवळून जाते ते बघितलं की कोणती गाडी चालेल याचा वाद मिटतो.

दुसरी पायरी: भिंती वाचा

आता गाड्या विसरा आणि भिंतींवरच्या खुणा बघा. प्रत्येक खूण कशाने झाली ते तिच्या उंचीवरून कळतं. गुडघ्याखालची आडवी घासण बंपरची किंवा चाकाच्या तुंब्याची. छातीच्या आसपासची छोटी, एकेकटी खरचट आरशाची. डोक्याच्या वरची लांब रेघ गाडीच्या पेटीची. ताज्या खुणेची कड धारदार असते, दगड आतून उजळ दिसतो आणि खाली जोत्यावर त्याची भुकटी पडलेली असते. जुनी खूण मळकट आणि गुळगुळीत झालेली असते. प्रत्येक खुणेशेजारी पट्टी धरून फोटो काढा, तारीख आणि उंची लिहा. पुढे उपाय चालला की नाही हे याच फोटोंवरून कळणार आहे.

यात एक गोष्ट नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटते. घासण एका भिंतीवर असते आणि तिचं कारण समोरच्या भिंतीशी उभं असतं. समोर दुचाकींची रांग लागलेली असली की टेम्पोला रोज अर्धा मीटर बाजूला सरकून जावं लागतं आणि तो इकडची भिंत घासतो. घरमालक टेम्पोवाल्याशी भांडतो, पण दुचाकी तिथून हलवल्या की घासण थांबते. म्हणून जिथे जिथे ताज्या खुणा दिसतील तिथे समोर काय उभं असतं ते दिवसातून तीनदा जाऊन बघा. गल्लीतलं पार्किंग कुठे आधी बंद करायचं त्याची यादी तुम्हाला अशी आपोआप मिळते. सगळी गल्ली एका दिवसात मोकळी करायची गरज नसते. वळणाच्या अलीकडे-पलीकडे दहा-बारा मीटर आणि खुणांसमोरच्या जागा मोकळ्या झाल्या तरी पुष्कळ फरक पडतो.

खाली फरसबंदीकडेही बघा. दगडी फरशी वाळूच्या थरावर बसवलेली असली तर सांधे भरलेले आहेत तोवर ती पक्की असते, कारण शेजारचे दगड एकमेकांना धरून ठेवतात. गाडी जागच्या जागी स्टिअरिंग फिरवते तेव्हा चाक दगडाला पिळतं, सांध्यातली वाळू निघते आणि दगड डुलायला लागतो. पाय देऊन बघा, डुलणारा दगड टक् असा आवाज करतो. सांध्यात बोटाचं एक पेर जात असेल तर वाळू झाडून भरायची वेळ झालेली आहे. तिथे सिमेंट ओतण्याचा मोह आवरा. सिमेंटचा सांधा ताठ असतो, तो दगडासोबत हलत नाही आणि तडकतो. शिवाय पूर्वी सांध्यातून जमिनीत मुरणारं पाणी अडतं आणि बाजूच्या भिंतीत चढतं. डांबराचे थरावर थर देण्याचाही हाच तोटा आहे. रस्त्याची पातळी उंबऱ्याच्या वर गेली की पावसाचं पाणी घरात आणि जोत्यात शिरतं, चुन्याची भिंत खालून ओली राहते आणि गिलावा फुगून पडतो. नवा थर द्यायचाच असेल तर जुना खरवडून काढल्याशिवाय देऊ नका.

वजनाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात झालेल्या एका मोठ्या रस्ता-चाचणीतून असा अंदाज निघाला की रस्त्याची झीज चाकांच्या आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार दुप्पट झाला की झीज सुमारे सोळापट. ती चाचणी डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यांवर झाली होती, त्यामुळे हा आकडा दगडी फरशीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण एका जड ट्रकऐवजी दोन हलक्या फेऱ्या बऱ्या, ही दिशा त्यातून स्पष्ट दिसते. गल्लीखाली जुनं दगडी गटार, तळघर किंवा कमानी असतील तर वजनाची मर्यादा अभियंत्याकडून तपासूनच ठरवा. ॲमस्टरडॅममधल्या कालव्यांकाठच्या जुन्या भिंती आजच्या जड वाहनांसाठी बांधलेल्या नव्हत्या. 2020 मध्ये तिथे ग्रिमबर्गवाल या ठिकाणची अशीच एक भिंत कोसळली आणि तशा भिंती तपासून दुरुस्त करण्याचं तिथलं काम वर्षानुवर्षांचं आहे.

तिसरी पायरी: गाड्या मोजू नका, मिनिटं मोजा

एका नेहमीच्या कामाच्या दिवशी सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत गल्लीत बसा. दोघांनी पाळी लावली तर सोपं जातं. कागदावर पाच रकाने पुरतात: गाडी कधी आली, कधी गेली, कोणती गाडी, कोणाच्या दुकानात माल, आणि उभी असताना नक्की काय चाललं होतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे.

असं मोजायला बसलो असताना मी एकदा एका टेम्पोचालकाला विचारलं, की एवढा वेळ का लागतो. तो म्हणाला, “साहेब, माल उतरायला पाच मिनिटं लागतात. शेठ जेवायला गेलेत, सही कोण देणार, त्यात पंधरा मिनिटं जातात.” माझ्या कागदावर नंतर तेच दिसलं. उभ्या वेळेतला मोठा वाटा दुकान शोधणं, सही, सुटे पैसे आणि मागे घेत बाहेर पडणं यात गेला होता. त्या गल्लीत पुढे एकच बदल केला. प्रत्येक दुकानाने माल घ्यायला एक ठरलेला माणूस नेमला आणि शेजारच्या दुकानाला सही करायची मुभा दिली. त्यासाठी एक खिळाही ठोकावा लागला नाही.

आपल्या कल्पित गल्लीत समजा दहा ते एक या वेळेत पंधरा गाड्या येतात आणि प्रत्येक सरासरी सोळा मिनिटं थांबते. पंधरा गुणिले सोळा म्हणजे 240 मिनिटं. पण तीन तासांत मिनिटं आहेत 180. म्हणजे त्या वेळात सरासरी एकापेक्षा जास्त गाड्या आत असतात आणि एका गाडीच्या गल्लीत याचा अर्थ कोंडीच. इथे कितीही शिट्ट्या मारल्या तरी कोंडी सुटणार नाही, कारण हिशेबच बसत नाही.

चौथी पायरी: गाडी बाहेर, माल आत

म्हणून गाडी गल्लीच्या तोंडाबाहेर थांबवायची आणि शेवटचं अंतर माल हातगाडीवरून न्यायचा. हे बोलायला सोपं आहे, पण त्याने एक नवा प्रश्न उभा राहतो. हातगाडीच्या फेऱ्यांमुळे गाडीचा बाहेर थांबायचा वेळ वाढतो. भरलेली हातगाडी ढकलणारा माणूस सेकंदाला साधारण एक मीटर चालतो, त्यामुळे 160 मीटर आत जाऊन परत यायला पाच-सहा मिनिटं लागतात. माल चढ-उताराच्या जागा दोन्ही तोंडांशी दिल्या तर सगळ्यात लांबचं दुकानही ऐंशी मीटरवर येतं. हा फरक दिवसभरात पाठीला जाणवतो.

धरून चालू की थांबायचा वेळ सोळावरून चोवीस मिनिटांवर गेला. तासाला पाच गाड्या, प्रत्येकी चोवीस मिनिटं, म्हणजे सरासरी दोन जागा कायम भरलेल्या. मग दोन जागा आखून भागेल का? नाही. गाड्या ठरवून येत नाहीत, त्या झुंडीने येतात. जागा दोनच असतील तर दर पाचांतल्या दोन गाड्यांना दोन्ही भरलेल्या मिळतील, आणि भरलेली जागा दिसली की चालक थेट गल्लीत घुसतो. तीन जागा केल्या तरी पाचातली एक गाडी परत फिरेल. चार केल्या तर दहातली एक.

जुन्या वस्तीत चार जागा कुठून आणायच्या? त्यापेक्षा वेळ पसरवा. त्याच पंधरा गाड्या तीन तासांऐवजी पाच तासांत आल्या तर तीन जागांतही अकरातल्या एखाद्याच गाडीला ताटकळावं लागतं. एक जागा कमी लागली आणि अनुभवही बरा झाला. म्हणून दुकानदारांशी बोलणी करताना जागांआधी वेळेवर बोला. ज्यांचा माल नाशवंत त्यांना पहाट, कपडे-भांडीवाल्यांना दुपार, असं वाटून घेतलं की ते टिकतं, कारण ते त्यांच्या धंद्याला धरून असतं. पहाटेच्या वेळेत एक अडचण आहे, वर लोक झोपलेले असतात. लोखंडी चाकांची गाडी दगडी फरशीवरून गेली तर सगळी आळी जागी होते.

त्यामुळे हातगाडी कोणती हा किरकोळ प्रश्न नाही. लहान, कडक चाकं फरशीच्या सांध्यात अडकतात, दगडाच्या कडा तोडतात आणि खडखडतात. हवा भरलेली, वीस सेंटिमीटरहून मोठ्या व्यासाची रबरी चाकं घ्या. गाडीची रुंदी साठ-सत्तर सेंटिमीटरच्या आत ठेवा, म्हणजे ती समोरून येणाऱ्या माणसाला ओलांडू शकते. तिच्या चारही कोपऱ्यांना रबर लावा, नाहीतर टेम्पोने वाचवलेला कोपरा हातगाडी फोडेल. उंबऱ्याशी चढ हवा असेल तर उचलून ठेवता येणारी फळी करा. सिमेंटचा कायमचा उतार बांधला की तो गटाराचा प्रवाह अडवतो आणि जोत्यात ओल धरतो.

चढ-उताराच्या जागा आखताना गल्लीचं तोंड मोकळं सोडा. ही चूक फार ठिकाणी होते: सोय म्हणून जागा अगदी तोंडाशी दिली जाते आणि आग लागल्यावर बंब वळूच शकत नाही. साधारण अडीच मीटर रुंदीचा बंब आपल्या 2.7 मीटरच्या वळणातून तसाही जाणार नाही. तो तोंडाशीच थांबणार, म्हणून तिथली जागा त्याचीच समजा. काहीही पक्कं करण्याआधी अग्निशमन दलाला बोलवून खरी गाडी आणून बघा, तीही रात्री, सगळ्या दुचाकी लागलेल्या असताना. दिवसा रिकाम्या गल्लीत घेतलेल्या चाचणीवर विसंबू नका.

पाचवी पायरी: जे लावाल ते काढता येईल असं लावा

पाट्या, खुंट, कुंड्या, साखळ्या हे सगळं दहा वर्षांनी बदलणार आहे, भिंत मात्र तीच राहणार आहे. पाटी शक्यतो स्वतंत्र खांबावर लावा. भिंतीवर लावायचीच असेल तर भोक चुन्याच्या सांध्यात पाडा, दगडात किंवा विटेत नको. सांधा पुन्हा चुन्याने भरता येतो, फुटलेला दगड भरता येत नाही. खिळे-स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचे घ्या. साधं लोखंड गंजताना फुगतं आणि आतून दगड फोडतं. अशा फुटीच्या कडेने तांबूस ओघळ दिसतो.

दगडी फरशीवर रंगाचे पट्टे मारू नका. तो रंग दगडाच्या छिद्रांत जातो आणि काढायला गेलं की दगडाचा वरचा थर निघतो. हद्द दाखवायला वेगळ्या रंगाच्या दगडांची एक ओळ बसवता येते, किंवा जमिनीवर नुसत्या ठेवलेल्या जड कुंड्या पुरतात.

वळणावरच्या कोपऱ्याला संरक्षण हवंच. पूर्वी बैलगाड्या आणि घोडागाड्यांच्या चाकांपासून घर वाचावं म्हणून कोपऱ्याशी तिरपा दगड रोवत असत. चाक त्यावर चढून घसरायचं आणि भिंतीपासून दूर जायचं. असा जुना दगड असला तर तो जागेवर राहू द्या आणि वाकडा झाला असेल तर नीट बसवून घ्या. नसेल तर भिंतीपासून तीसेक सेंटिमीटर सोडून स्वतंत्र खुंट उभा करा, भिंतीला न जोडता. त्याआधी तिथे हाताने छोटा खड्डा खणून खाली काय आहे ते बघा. जुनं गटार, पाण्याची वाहिनी किंवा घराचा पाया तुम्हाला वाटतं त्याच्यापेक्षा वर असतो. खुंटांमध्ये सव्वा ते दीड मीटर अंतर ठेवलं की हातगाडी आणि चाकाची खुर्ची जाते, टेम्पो जात नाही. काढता येणारा खुंट ठेवलात तर त्याची किल्ली कोणाकडे आहे हे लिहून ठेवा, आणि एक किल्ली अग्निशमन दलाकडे असू द्या.

सहावी पायरी: सहा आठवडे करून बघा

आरपार जाणारी वाहतूक याच टप्प्यावर हाताळा. ज्यांना गल्लीत काहीच काम नाही, फक्त पलीकडे जायचं आहे, त्यांच्यासाठी गल्ली आरपार राहूच नये. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनने 1977 मध्ये आपल्या जुन्या मध्यभागाचे चार भाग केले आणि मोटारीला एका भागातून दुसऱ्यात थेट जाणं बंद केलं. आत येता येतं, पण आलेल्या बाजूनेच बाहेर जावं लागतं. बेल्जियममधल्या गेंटने 2017 मध्ये याच धर्तीवर आपली योजना आखली. एका गल्लीपुरतं हेच मधोमध दोन जड कुंड्या ठेवून करता येतं, फक्त बंबाची वाट आधी तपासलेली हवी.

सहा आठवड्यांनी तीच माणसं, तोच वार, तेच पाच रकाने घेऊन पुन्हा बसा. शिवाय शेजारच्या दोन गल्ल्यांमध्येही मोजा. तुमच्याकडची कोंडी तिकडे सरकली असेल तर काम अर्धंच झालं आहे. खुणांचे जुने फोटो घेऊन फिरा आणि नवी घासण शोधा. भिंतीत भेग असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना निघणाऱ्या पातळ चिकटपट्टीवर एकेक बारीक खूण करा आणि महिन्यातून एकदा, त्याच वेळी, अंतर मोजा. भेगा उन्हाने-थंडीनेही हलतात, म्हणून वर्षभर मोजल्याशिवाय दोष गाड्यांवर टाकू नका. कंपनांची शंका असेल तर यंत्र लावून घ्यावं लागतं. जुन्या, नाजूक इमारतींच्या पायाशी अधूनमधून बसणाऱ्या, कमी वारंवारतेच्या हादऱ्यांसाठी जर्मन मानक सेकंदाला तीन मिलिमीटर ही मर्यादा धरतं. पण यंत्र मागवण्याआधी भिंतीजवळचा खड्डा किंवा वर आलेलं गटाराचं झाकण सारखं करा. हादरे बहुतेक तिथूनच येतात.

योजना बिघडायला लागली की ते सवलतीच्या पासांवरून सगळ्यात आधी कळतं. पहिल्या महिन्यात तीन दुकानांना “फक्त आमच्यापुरती” गाडी आत न्यायची परवानगी मिळते, सहा महिन्यांनी ती तीस जणांकडे असते. प्रत्येक पासावर गाडीचा क्रमांक, वेळ आणि संपण्याची तारीख लिहा, आणि तीन महिन्यांच्या पुढचा पास देऊ नका. जड कपाट, लग्नाचं सामान, आजारी माणूस, यांसाठी त्या दिवसापुरती परवानगी फोनवर लगेच मिळेल अशी सोय ठेवा. ती सहज मिळाली की कायमच्या पासासाठी कोणी भांडत बसत नाही.